केळी हिरवी तोडतात, मग कॉफी का नाही?

माझ्या मामांची केळी चोपडा तालुक्यात. जन्म गेला केळीत. गेल्या डिसेंबरात शृंगेरीला देवदर्शन करून परतताना आम्ही चिकमगळूरजवळ एका ओळखीच्या मळ्यावर दोन दिवस थांबलो. तोडणी ऐन भरात होती. सावलीच्या उंच झाडांखाली माणसाच्या छातीइतकी कॉफीची झुडपं, कमरेला पिशवी बांधलेल्या बाया, आणि प्रत्येक फांदीवर लाल, पिवळी, हिरवी अशी सगळ्या वयाची फळं एकत्र. बाया लाल तेवढं खुडत होत्या आणि हिरवं तसंच सोडत होत्या. मामांनी दहा मिनिटं पाहिलं आणि मला म्हणाले, "काय भाचेबुवा, हे काय लावलंय? एकाच झाडाशी किती वेळा यायचं? आपण केळीचा घड हिरवाच कापतो. रायपनिंग चेंबरमध्ये घातला की पिकतो. यांनी पण कापावं सगळं एकदम."

प्रश्न चुकीचा नव्हता. उलट कॉफीच्या तोडणीतली खरी मेख नेमकी इथेच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

केळीचा घड कापला तेव्हा आतला गर पिष्टानं भरलेला असतो. कापल्यानंतर त्याच पिष्टाची साखर होते. म्हणजे गोडव्याचा कच्चा माल घडातच साठलेला असतो, चेंबर फक्त त्याचं रूपांतर घडवून आणतं. आणि आपण खातो तो गर. कॉफीत गर आपण फेकून देतो. आपल्याला हवं असतं ते बी. बोराएवढं फळ, त्यात पातळसा गोड गर, त्याखाली बुळबुळीत चिकट थर, मग एक टणक पापुद्रा आणि आत एकमेकांना सपाट बाजूनं चिकटलेल्या दोन बिया. या बियांत जे काही भरायचं ते झाड देठातून भरतं. देठ तुटला की भरणं संपलं.

हिरवट-पिवळं फळ तोडून पोत्यात ठेवलं तर त्याची साल दोन दिवसांत थोडी रंगते हे खरं आहे. पण ती फक्त साल. बी जिथं थांबलं तिथंच राहतं. मामांना मी म्हटलं, "मामा, समजा तुम्ही गहू ओंबीत दूध असतानाच कापला आणि सावलीत ठेवला. ओंबी पिवळी होईल, दाणा भरेल का?" ते हसले. "चिमतो तो दाणा." कच्च्या कॉफीचंही तेच होतं.

अरेबिका जातीला फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण आठ ते नऊ महिने लागतात. रोबस्टाला त्याहून जास्त, दहा-अकरा महिनेही. मधला बराच काळ फळ बाहेरून हिरवं आणि पूर्ण आकाराचंच दिसतं, पण बी अजून भरत असतं. वजन आणि साखर या दोन्ही गोष्टी शेवटच्या आठवड्यांपर्यंत येत राहतात. त्यामुळे "आकार तर झाला, आता काय फरक पडतो" असं मनात येणं अगदी साहजिक, आणि तिथंच फसगत.

मग एकाच फांदीवर सगळ्या वयाची फळं का? कारण फुलं एकदम येत नाहीत. कर्नाटकात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत कॉफी फुलते. पांढरी, मोगऱ्याच्या वासाची फुलं. पुन्हा एक सर आली तर पुन्हा थोडी फुलं. प्रत्येक सरीची फळं आपापल्या तारखेला पिकतात. धुळे-जळगावकडच्या डाळिंब-लिंबूवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण पाणी तोडून ताण देतो आणि मग एकदम पाणी सोडतो ते बहार एकदम यावा म्हणूनच. ब्राझीलच्या सेऱ्हाडो नावाच्या पठारावर ओलिताच्या कॉफीला नेमका असाच ताण देतात. कोरड्या हंगामात दोन महिन्यांच्या वर पाणी बंद ठेवायचं आणि मग एकदम सोडायचं. फुलं बरीचशी एका झटक्यात येतात, म्हणून फळंही बरीचशी एकत्र पिकतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तोडणीकडे येऊ. निवडून तोडणं म्हणजे काय ते पाहायला सोपं वाटतं, करायला नाही. फांदी एका हातानं वाकवायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांत एकच फळ धरायचं आणि हलकासा पीळ देऊन सोडवायचं. सरळ खाली ओढलं तर देठाबरोबर सालपट निघतं, पानं गळतात आणि फांदीला इजा होते. पिकलेलं फळ पीळ देताच सुटतं, कारण देठाची पकड त्या वेळी सैल झालेली असते. कच्चं फळ हाताला अडतं. सरावलेल्या बाईला रंग बघायच्या आधी बोटांनाच कळतं. शंका असली तर फळ चिमटीत दाबायचं. पिकलेलं असेल तर चिकट रसासह बी टुणकन बाहेर उडतं. कच्च्याची साल फुटत नाही, जोर लावला तर बी सालीसकट चिरडतं.

कन्नडमध्ये कच्च्या फळाला 'काई' आणि पिकलेल्याला 'हण्णू' म्हणतात. मळ्यावरचा मेस्त्री दर थोड्या वेळानं एखाद्या पिशवीत हात घालून मूठभर फळं काढायचा आणि काई दिसली की ओरडायचा. दिवसभर तेच दोन शब्द कानावर. आपल्याला दोन भाषांत एवढं तरी आलंच पाहिजे, असं मामा म्हणाले.

एका झाडाशी हंगामात चार-पाच वेळा यावं लागतं. सुरुवातीला जी थोडीशी फळं आधी पिकतात ती टिपून घेण्याची एक हलकी फेरी असते. मग मुख्य तोडणी, दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. आणि सगळ्यात शेवटी उरलंसुरलं सगळं काढून झाड रिकामं करणं. चांगला हात असलेली बाई मुख्य तोडणीत दिवसाला 50 ते 100 किलो फळ काढते. यातून विकायला तयार कोरडं बी किती? अरेबिकाच्या सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो.

दुसरी पद्धत ओरबाडण्याची. फांदीच्या बुडाशी मूठ आवळायची आणि टोकापर्यंत सर्र ओढत न्यायची. खाली ताडपत्री अंथरलेली असते, त्यावर फळ, पान, काडी सगळं पडतं. मग सुपानं किंवा चाळणीनं पाखडायचं. एका दिवसात सहज दुप्पट माल निघतो आणि झाडाशी एकदाच यावं लागतं. ब्राझीलमध्ये हातानं असंच ओरबाडतात, आणि सपाट जमिनीवर मोठमोठी यंत्रं झाडांच्या रांगेवर पाय फाकून चालतात. त्यांच्यातल्या हलत्या दांड्या फांद्या थरथरवतात आणि फळं खाली पडतात.

आता मजुरीचं गणित पाहा, कारण दर्जाचा बराचसा निकाल तिथंच लागतो. आपल्याकडे कापूस वेचणीला किलोवर पैसे दिले की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. कवडी कापूस, पाचोळा, ओलावा, सगळं वजनात जातं. वेचणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही, आपण वजनाला पैसे देतो तर ती वजन आणणार. कॉफीत हे जास्त नडतं, कारण कापसाचं बोंड स्वतः उघडून सांगतं की मी तयार आहे. कॉफीचं हिरवं फळही लालसारखंच पिशवीच्या वजनात भर घालतं. नुसता किलोचा दर लावला तर लालच खुडण्याचं काहीच कारण उरत नाही. म्हणून नीट चालवलेल्या मळ्यावर किलोच्या दराबरोबर पिशवीची तपासणी असते, किंवा काई कमी आणणाऱ्याला वरचा दर, नाहीतर सरळ रोजावर मजुरी. आम्ही थांबलो होतो तिथं संध्याकाळी वजनाआधी प्रत्येकीला आपला माल ताडपत्रीवर ओतून हिरवं बाजूला काढावं लागायचं. बाया कुरकुरत होत्या, आणि रास्त होतं ते, कारण त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना मिळत नव्हते. मालकाला मी हे म्हटलं तर त्यांनी विषय बदलला.

"पण मग," मामांचा पुढचा प्रश्न, "नंतर निवडता येतंच ना? यंत्र कशाला असतात?"

निवडता येतं. पण किती, ते एका उदाहरणावरून बघू. समजा मुख्य तोडणीच्या दिवसांत, फळं अजून एकसारखी पिकलेली नसताना, सगळं ओरबाडून 100 किलो माल आणला. आकडे माझे, समजण्यासाठी. त्यात 62 किलो पिकलेलं, 18 किलो अर्धकच्चं म्हणजे एका गालावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवट-पिवळं, 12 किलो पूर्ण हिरवं आणि 8 किलो झाडावरच वाळून काळं पडलेलं.

पहिला टप्पा पाण्याची टाकी. फळं पाण्यात टाकली की वाळलेली, पोकळ, कीड लागलेली वर तरंगतात. ती 8 किलो निघून गेली. बहुतेकांना वाटतं की हिरवंही तरंगत असेल. नाही तरंगत. हिरवं फळ घट्ट आणि रसानं भरलेलं असतं, लालबरोबर तेही तळाला जातं. पाण्याची टाकी कच्चं काढत नाही, ही गोष्ट कॉफी विकणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते.

दुसरा टप्पा साल काढण्याचं यंत्र, ज्याला सगळे पल्पर म्हणतात. तत्त्व चिमटीचंच. पिकलेलं फळ दाबलं की बी सुटतं, कडक हिरवं सुटत नाही आणि सालीसकट पुढं ढकललं जातं. यंत्राचा दाब बरोबर लावला तर 12 किलो हिरवं जवळजवळ सगळं वेगळं निघतं. ते फळासकट वाळवून हलक्या प्रतीत विकतात. दाब जास्त झाला तर तेही चिरडून आत येतं. हे झालं हिरव्याचं. पण ते 18 किलो अर्धकच्चं? त्याची साल इतपत मऊ असते की बरंचसं पल्परमधून पार होतं. त्यातलं 12 किलो गेलं असं धरू. म्हणजे मुख्य मालात 62 पिकलेलं आणि 12 अर्धकच्चं, सहात एक. पुढे बी आंबवलं, धुतलं, वाळवलं की हे अर्धकच्चं बी बाकीच्यांत मिसळून जातं. किंचित लहान, किंचित हिरवट, चंदेरी पापुद्रा अंगाला घट्ट चिकटलेला. यंत्रं वजनावर आणि रंगावर पुन्हा निवड करतात, काही पकडतात, काही सुटतं.

स्पेशालिटी म्हणजे सगळ्यात वरच्या प्रतीच्या कॉफीची वर्षानुवर्षं वापरात असलेली मोजणी अशी: 350 ग्रॅम न भाजलेलं बी घ्यायचं आणि दोष मोजायचे. पाच कच्च्या बियांचा मिळून एक दोष, आणि असे लहान दोष पाचापर्यंतच चालतात. म्हणजे 25 बिया. 350 ग्रॅममध्ये साधारण अडीच हजार बिया असतात, म्हणजे मर्यादा शंभरात एक. आपल्या ओरबाडलेल्या ढिगात सहात एक फळ अर्धकच्चं होतं. त्यातलं प्रत्येक बी दोष म्हणून मोजलं जाणार नाही. पण दहातलं एक जरी उघड कच्चं दिसलं तरी माल मर्यादेबाहेर गेला. निवडून तोडलेल्या 100 किलोत 95 किलो पिकलेलं असेल तर हीच यंत्रं त्याला आरामात पार लावतात. यंत्र दोन्ही ढिगांवर तेवढंच काम करतं, फक्त एका ढिगात त्याच्या हाताबाहेरचं पुष्कळ असतं.

मग ब्राझीलवाले ओरबाडूनही चांगली कॉफी कशी विकतात? त्याचं उत्तर ताणात आहे. तिथं तोडणीचा हंगाम मे ते सप्टेंबर, हवा कोरडी. फुलोरा एकत्र, त्यामुळे फळं एकत्र पिकतात. बागायतदार थांबतो आणि झाडावर कच्चं फारच थोडं उरलं की मगच ओरबाडतो. तोपर्यंत काही फळं झाडावर वाळतात, पण कोरड्या हवेत ती सडत नाहीत, मनुक्यासारखी होतात. यंत्रालाही अक्कल लावता येते. थरथर कमी ठेवली तर सैल देठाची पिकलेली फळंच पडतात, कच्ची टिकून राहतात, आणि काही आठवड्यांनी दुसरी फेरी मारता येते. कोडगू-चिकमगळूरच्या उतारांवर, सावलीच्या झाडांच्या दाटीत, चार सरींच्या चार फुलोऱ्यांत हे जमत नाही. तिथं सगळं पिकेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आधीची अरेबिका जमिनीवर पडून बुरशी धरते. रोबस्टाचं जरा बरं असतं. तिचं फळ पिकलं तरी झाडाला धरून राहतं, म्हणून रोबस्टा एक-दोन फेऱ्यांत काढली तरी नुकसान कमी.

कपात काय होतं? कच्च्या बियांत साखर आणि अमिनो आम्लं कमी. भाजताना कॉफीला तपकिरी रंग येतो तो मुख्यतः या दोघांच्या मेळातून. आपण काळ्या मसाल्यासाठी कांदा भाजतो, तो तांबूस होतो आणि गोडसर वास सुटतो, तिथंही तोच मेळ. ज्या बियांत हा माल नाही ती भट्टीत तेवढाच वेळ राहून फिकीच निघते. इंग्रजीत अशा बियांना 'क्वेकर' म्हणतात. चव कोरडी, कागदासारखी, भुईमुगाच्या फोलपटासारखी. शिवाय कच्च्या बियांचा तुरटपणा वेगळाच. कच्चं केळं चावल्यावर जीभ आखडते ना, तसा. जास्त पिकलेल्या फळाची तक्रार उलटी. ते पोत्यात रात्रभर दाबून राहिलं की आंबतं आणि कपात ताडीसारखा, पुढे व्हिनेगरसारखा वास येतो. म्हणून तोडणी कितीही नीट झाली तरी माल त्याच दिवशी पल्परवर गेला पाहिजे. आणि जमिनीवर पडलेलं फळ, ते कधीच चांगल्यात मिसळायचं नाही. त्यातली एक मूठ अख्ख्या ढिगाला ओलसर मातीचा वास देऊ शकते.

ओरबाडण्याला मी इथवर बरंच झोडपलं, पण हंगामाच्या शेवटी उत्तम मळ्यावरही झाड ओरबाडून रिकामं करावंच लागतं. कॉफीच्या फळात एक बारीक काळा भुंगेरा शिरतो, बी पोखरून आतच अंडी घालतो आणि झाडावर किंवा जमिनीवर उरलेल्या फळांत पुढच्या हंगामाची वाट बघत बसतो. म्हणून शेवटचं फळ झाडावरून काढायचं आणि खाली पडलेलं वेचायचं, विकण्यासाठी नाही तर सफाईसाठी. मामांनी हे ऐकलं आणि त्यांना कापूस आठवला. "म्हणजे फरदड ठेवायची नाही. बोंडअळीचं घर." अगदी तसंच. हा शेवटचा माल वेगळा वाळवतात आणि वेगळाच विकतात. तो मुख्य मालात घुसला की समजावं, कोणीतरी हात मारला.

घरी आल्यावर मी एक प्रयोग केला, तो तुम्हालाही करता येईल. कॉफी पूड नको, भाजलेल्या अख्ख्या बिया आणा, हलक्या किंवा मध्यम भाजणीच्या. गडद भाजणीत सगळंच काळं होतं आणि फिक्या बिया लपतात. चिकोरी घातलेल्या पुडीत तर विचारायलाच नको. 100 ग्रॅम बिया पांढऱ्या ताटात पसरा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा. बाकीच्यांपेक्षा स्पष्ट फिक्या, गव्हाळ रंगाच्या बिया वेचून बाजूला ठेवा. फळासकट वाळवलेल्या कॉफीत त्या जास्त सापडतात, कारण तिथं पल्परची चाळणच नसते. त्या कॉफीचा सगळा भार तोडणाऱ्या बोटांवर.

माझ्याकडे दोन पुडे होते. एक त्या मळ्यावरचा, एक जळगावात घेतलेला. दुसऱ्यावर तोडणीबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. पहिल्यात 2 फिक्या बिया निघाल्या, दुसऱ्यात 17. त्या 17 आणि पुड्यातल्या उरलेल्या बियांतून आणखी काही वेचून, कपभराचा जुगाड होईल इतक्या जमवल्या, दळल्या आणि दूध-साखरेशिवाय मामांपुढे ठेवल्या. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला.

"ही शेंगा फोडून उरलेली टरफलं उकळलीस का रे?"

मग दुसऱ्या पुड्यातल्या नीट भाजलेल्या, तांबूस बियांची करून दिली. फिक्या वेचून काढल्यानंतर तीही बरी लागत होती, एवढंच की शेवटी जिभेवर थोडा तुरटपणा राहत होता. अर्धकच्च्यातल्या ज्या बिया रंगानं सापडत नाहीत, तो त्यांचा. मामांनी ती संपवली, आणि ताटात वेगळ्या काढलेल्या फिक्या बियांपैकी उरलेली एक उचलून दाताखाली फोडून पाहिली.

"काई," ते म्हणाले.